मार्चची अखेरची बाकी आणि एप्रिलची सुरुवातीची बाकी: बिलिंग आणि टॅली यांच्यातील सिंकचे वेळापत्रक कसे आखावे

ज्या व्यवसायात बिले एका सॉफ्टवेअरमध्ये तयार होतात आणि हिशेब टॅलीमध्ये राहतो, तेथे या दोहोंमधील सिंकचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात एकच प्रश्न घेतला आहे. 31 मार्चला ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम दोन्हीकडे सारखी कशी निघावी आणि 1 एप्रिलला तीच रक्कम दोन्हीकडे सुरुवातीची बाकी म्हणून कशी यावी, हा तो प्रश्न. बँक, मालसाठा आणि जीएसटीची खाती यांनाही हीच अडचण येते; पण येणे बाकी एकदा नीट जुळवता आली की बाकीच्या खात्यांना तीच रीत लावता येते.

समजण्यासाठी एक काल्पनिक व्यवसाय घेऊ. पुठ्ठ्याची खोकी विकणाऱ्या या व्यापाऱ्याचे कार्यालय नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहे आणि गोदाम पिंपळगाव बसवंतला. गोदामातील माणसे क्लाउडवरील बिलिंग अ‍ॅपमध्ये बिल करतात. ते बिल दर 15 मिनिटांनी कार्यालयातील टॅलीत जाते. ग्राहकांकडून आलेले पैसे मात्र कार्यालयातच टॅलीत जमा होतात आणि दिवसातून एकदा, रात्री 8 वाजता, बिलिंग अ‍ॅपमध्ये परत येतात. एरवी ही मांडणी उत्तम चालते. मार्च अखेरीला द्राक्षाचा हंगाम चालू असतो, पॅकहाऊस रात्रभर सुरू असतात आणि खोक्यांच्या गाड्या रात्री बारानंतरही भरल्या जातात. बिलिंग बंद ठेवून शांतपणे वर्ष बदलावे, ही सोय येथे उपलब्ध नाही. त्यामुळे बिलिंग चालू ठेवायचे, फक्त सिंक थांबवायचा आणि मग ठरलेल्या क्रमाने तो पुन्हा सुरू करायचा, असा मार्ग घ्यावा लागतो.

आधी ठरवा: वर्ष कोणत्या तारखेने मोजायचे

प्रत्येक बिलाला किमान तीन वेळा चिकटलेल्या असतात. पहिली बिलावर छापलेली तारीख, दुसरी सर्व्हरवर त्या बिलाची नोंद तयार झाल्याची वेळ आणि तिसरी ते बिल सिंकने टॅलीत पोहोचवल्याची वेळ. आर्थिक वर्ष ठरवताना फक्त पहिली तारीख मोजायची. हे वाचायला उघड वाटते, पण अनेक अ‍ॅपचे अहवाल आणि अनेक सिंक प्रोग्राम प्रत्यक्षात दुसरी वेळ वापरतात, कारण ती डेटाबेसमध्ये आपोआप भरली जाते आणि तिच्यावर प्रश्न विचारणे सोपे असते.

क्लाउडवरील सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसी वेळेवर चालते. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे नाशिकमध्ये 31 मार्चची मध्यरात्र होते तेव्हा सर्व्हरवर 31 मार्चचे 18:30 वाजलेले असतात. 1 एप्रिलला पहाटे साडेपाचपर्यंत केलेले प्रत्येक बिल सर्व्हरच्या दृष्टीने मार्चचेच असते. वर्षभर ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही, कारण एका दिवसाचे बिल आदल्या दिवसात मोजले गेले तरी महिन्याच्या बेरजेत ते बहुतेक वेळा सामावून जाते; वर्षाच्या सीमेवर मात्र ते दुसऱ्या आर्थिक वर्षात जाऊन पडते. म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच अ‍ॅप सांभाळणाऱ्या माणसाला स्पष्ट विचारावे की येणे बाकीचा अहवाल कोणत्या रकान्यावर चालतो. तो नोंदीच्या वेळेवर चालत असेल आणि डेटाबेस पोस्टग्रेस असेल, तर तारीख काढताना भारतीय वेळ अशी लावावी लागते. मात्र त्यासाठी तो रकाना वेळक्षेत्रासह साठवलेला, म्हणजे `timestamptz` प्रकारचा असावा:

```sql
SELECT bill_no, total,
       (created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date AS ist_date
FROM bills
WHERE created_at >= '2026-03-31 18:30:00+00'
  AND created_at <  '2026-04-01 00:00:00+00';
```

ही विचारणा 1 एप्रिलच्या सकाळी चालवली की मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या पट्ट्यात झालेली सगळी बिले एकत्र दिसतात. ती मोजकीच असतात, पण ताळमेळाच्या दिवशी सर्वाधिक वेळ हीच खातात.

याच कारणाने सिंकच्या वेळापत्रकातील ‘मध्यरात्र’ कोणत्या घड्याळाची आहे, हेही पाहून घ्यावे. सर्व्हरवर रात्री 12 चे काम लावले असेल आणि घड्याळ यूटीसी असेल, तर ते काम नाशिकच्या पहाटे साडेपाचला चालते. आपण समजतो की मार्चची शेवटची फेरी झाली, आणि तिच्यात एप्रिलचे साडेपाच तास मिसळलेले असतात.

बिल क्रमांकाची किल्ली वर्षासह हवी

जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त 16 अक्षरांचा असावा आणि त्या आर्थिक वर्षापुरता तो एकमेव असावा. ‘त्या आर्थिक वर्षापुरता’ हे शब्द सिंकसाठी फार महत्त्वाचे आहेत. 1 एप्रिल 2025 ला `PB/0001` क्रमांकाचे बिल झाले असेल, तर 1 एप्रिल 2026 ला पुन्हा `PB/0001` क्रमांकाचे बिल करण्यास नियमाची हरकत नाही, आणि बहुतेक व्यापारी तसेच करतात.

आता सिंक प्रोग्राम काय करतो ते पाहा. बिल टॅलीत आधी गेले आहे की नाही, हे तो एखाद्या किल्लीवरून ओळखतो. किल्ली म्हणून नुसता बिल क्रमांक वापरला असेल, तर 1 एप्रिल 2026 च्या पहिल्या बिलाला तो जुनेच, केवळ दुरुस्त झालेले बिल समजतो आणि टॅलीतील 2025 च्या एप्रिलमधील व्हाउचरवर नवे नाव, नवी रक्कम आणि नवी तारीख लिहून टाकतो. सिंकच्या नोंदवहीत सगळे हिरवे दिसते, चूक कोठेही नोंदली जात नाही. परिणाम दोन्ही वर्षांवर होतो: गेल्या वर्षीची विक्री आणि त्यामुळे मार्चची अखेरची बाकी बदलते, शिवाय त्या जुन्या बिलासमोर जमा झालेले पैसे अधांतरी राहतात आणि ‘बिलाशिवाय जमा’ म्हणून दिसू लागतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मागील वर्षाच्या विक्रीचा आकडा रोज थोडा थोडा घटत असेल, तर सर्वात आधी हाच संशय घ्यावा.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो मार्च संपण्यापूर्वी करायचा आहे. किल्लीत आर्थिक वर्ष घालावे, किंवा बिलिंग अ‍ॅपने प्रत्येक बिलाला दिलेला अंतर्गत क्रमांक किल्ली म्हणून वापरावा, कारण तो कधीच पुन्हा येत नाही. ई-इनव्हॉइसचा संदर्भ क्रमांक तयार करतानाही विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक हे चारही घटक एकत्र घेतले जातात. त्यामागे हेच कारण आहे. बिलावरच वर्ष छापायचे असेल तर `2526/PB/0001` हा क्रमांक 12 अक्षरांत बसतो. मला हा पर्याय अधिक आवडतो, कारण तो गोदामातील माणसालाही डोळ्यांनी कळतो. फक्त किल्लीतील वर्ष बिलाच्या तारखेवरून काढावे, सिंक चालला त्या दिवसावरून नव्हे. अन्यथा 31 मार्चचे पण 1 एप्रिलला पोहोचलेले बिल नव्या वर्षाच्या नावाने जाते.

किल्ली बदलताना एक खबरदारी घ्यावी. जुन्या बिलांच्या किल्ल्या आधी नव्या पद्धतीत रूपांतरित कराव्यात आणि मगच सिंक चालू करावा. तसे न केल्यास प्रोग्रामला चालू वर्षाची सगळी बिले नवीन वाटतात आणि तो ती टॅलीत दुसऱ्यांदा घालतो.

20 ते 30 मार्च: साचलेले अडथळे मोकळे करणे

या दहा दिवसांत सिंकमध्ये अडकून पडलेल्या नोंदी शून्यावर आणाव्यात. अडकण्याची कारणे साधी असतात. बिलिंग अ‍ॅपमध्ये ग्राहकाचे नाव बदलले पण टॅलीत लेजर जुन्याच नावाने आहे, नव्या ग्राहकाचे लेजर टॅलीत उघडलेलेच नाही, किंवा नावाच्या शेवटी एखादी जास्तीची मोकळी जागा आहे. मार्चच्या मध्यात अशा पाच नोंदी असतील तर त्या तासाभरात मिटतात. 1 एप्रिलला त्याच पाच नोंदी ताळमेळातील इतर फरकांत मिसळून शोधाव्या लागतात.

दोन्हीकडे नवे आर्थिक वर्ष उघडले आहे का, तेही याच काळात पाहावे. काही लेखा सॉफ्टवेअरमध्ये नवे वर्ष आधी तयार करावे लागते, नाहीतर 1 एप्रिलचे पहिलेच बिल नाकारले जाते. टॅलीत एकच कंपनी पुढे चालू ठेवली तर त्याची गरज पडत नाही. वर्ष बदलताना कंपनीचा डेटा विभागून नवी कंपनी करण्याची काही कार्यालयांत प्रथा आहे. ती पाळायचीच असेल तर ताळमेळ पूर्ण होईपर्यंत थांबावे, कारण सिंक प्रोग्रामला ज्या कंपनीचे नाव दिलेले असते तिच्यातच तो लिहीत राहतो आणि कार्यालयातील माणसे दुसऱ्याच कंपनीत पाहत बसतात.

31 मार्चची रात्र

आता वेळापत्रक. खालील सर्व वेळा भारतीय आहेत.

31 मार्चला रात्री 8 वाजता टॅलीतील जमा पावत्या नेहमीप्रमाणे बिलिंग अ‍ॅपमध्ये येतात. ही त्या दिवसाची शेवटची फेरी आहे असे समजू नये. मार्च अखेरीला कार्यालय उशिरापर्यंत उघडे असते, आणि एनईएफटी व आरटीजीएस आता चोवीस तास चालत असल्याने पैसेही उशिरापर्यंत येतात. 8 नंतर टॅलीत लिहिलेली 31 मार्चची पावती पुढच्या फेरीत, म्हणजे 1 एप्रिलच्या रात्री 8 वाजता अ‍ॅपमध्ये पोहोचेल. म्हणून जमा पावत्यांची एक जादा फेरी 1 एप्रिलला सकाळी 9 वाजता लावावी आणि तिला फक्त 31 मार्चपर्यंतच्या तारखेच्या पावत्या उचलायला सांगावे.

रात्री 11:45 ला बिलांची नेहमीची शेवटची फेरी होऊ द्यावी आणि त्यानंतर बिलांचा सिंक थांबवावा. बिलिंग थांबत नाही. गोदामात एप्रिलची बिले होत राहतात, गाड्या निघत राहतात, फक्त ती बिले टॅलीत न जाता रांगेत थांबतात. ही रांग पंधरा-वीस तास राहिली तरी काही बिघडत नाही, कारण ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल थेट बिलिंग अ‍ॅपमधून निघत असतील तर त्यांना टॅलीची वाट पाहावी लागत नाही. तुमच्याकडे ही दोन कामे टॅलीतून होत असतील, तर मात्र हा मार्ग तसाच्या तसा वापरता येणार नाही. तेव्हा सिंक न थांबवता केवळ बिलाच्या तारखेच्या अटीवर भिस्त ठेवावी लागते.

रात्री 12:30 ला एक खास फेरी चालवावी. तिची अट एवढीच की बिलाची तारीख 31 मार्च किंवा त्याआधीची असावी. 11:45 ते 12 या पंधरा मिनिटांत झालेली आणि नेटवर्कमुळे मागे राहिलेली बिले यात जातात. अर्ध्या तासाचे अंतर मुद्दाम ठेवले आहे, कारण गोदामातील मोबाइलवर केलेले बिल नेट नसल्यास काही मिनिटांनी सर्व्हरवर पोहोचते.

या फेरीत एखाद्या बिलाला टॅलीकडून वेळेत उत्तर आले नाही तर प्रोग्राम ते पुन्हा पाठवतो. पहिल्या वेळी टॅलीने व्हाउचर घेतले होते, फक्त उत्तर परत आले नव्हते, असे असेल आणि किल्ली टॅलीतील व्हाउचरशी जोडलेली नसेल, तर एकच बिल दोनदा चढते. म्हणून रकमेच्या बेरजेसोबत बिलांची संख्याही मोजावी.

1 एप्रिलची सकाळ: एक ताळमेळ पूर्ण करून पाहू

1 एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात, त्यामुळे कार्यालयात तुलनेने निवांतपणा असतो. ताळमेळासाठी हीच सकाळ घ्यावी. एक गोष्ट आधी करावी: सकाळी 9 ची जादा फेरी चालण्यापूर्वी दोन्हीकडचे आकडे एकदा कागदावर उतरवून घ्यावेत. कोणत्या फेरीने किती फरक मिटवला, हे नंतर सांगता येते.

टॅलीत `Alt+F2` ने कालावधी 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 असा द्यावा आणि ग्राहकांच्या गटाची अखेरची बाकी घ्यावी. अ‍ॅपमधून त्याच तारखेची येणे बाकी घ्यावी. आपल्या व्यापाऱ्याकडे आकडे असे निघाले: बिलिंग अ‍ॅपमध्ये 48,97,750 रुपये, टॅलीत 48,62,350 रुपये. फरक 35,400 रुपये, अ‍ॅपमध्ये जास्त.

नवखा माणूस येथे 35,400 रुपयांचे बिल शोधू लागतो. ते बहुधा सापडत नाही, आणि सापडले तर तो योगायोग असण्याची शक्यता अधिक. फरक हा अनेक चुकांचा निव्वळ परिणाम असतो. काही चुका एका बाजूला रक्कम वाढवतात, काही दुसऱ्या. म्हणून एकूण रक्कम बाजूला ठेवून आधी ग्राहकनिहाय यादी लावावी आणि ज्या ग्राहकांची बाकी जुळत नाही तेवढ्यांच्याच बिलांकडे जावे.

अशी यादी लावल्यावर तीन ग्राहक पुढे आले. पहिल्याच्या नावावर अ‍ॅपमध्ये 41,300 रुपये जास्त होते. ते बिल रात्री 1:10 ला झाले होते, बिलावर तारीख 1 एप्रिल होती, पण सर्व्हरवर नोंदीची वेळ 31 मार्च 19:40 अशी पडल्याने अ‍ॅपच्या अहवालाने ते मार्चमध्ये धरले. टॅलीत ते अजून गेलेलेच नाही, कारण सिंक थांबवलेला आहे. येथे टॅली बरोबर आहे आणि दुरुस्ती अ‍ॅपच्या अहवालात करायची आहे. बिलाची तारीख मागे घेऊन दोन्हीकडे मार्च करून टाकण्याचा मोह होतो, कारण आकडा लगेच जुळतो. तसे करू नये. माल 1 एप्रिलला निघाला आहे आणि ई-इनव्हॉइस व ई-वे बिल त्याच तारखेचे आहेत.

दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर अ‍ॅपमध्ये 18,000 रुपये जास्त होते. त्याने 31 मार्चला संध्याकाळी पैसे पाठवले, कार्यालयाने पावती रात्री 9 वाजता टॅलीत लिहिली आणि रात्री 8 ची फेरी तोवर होऊन गेली होती. सकाळी 9 च्या जादा फेरीनंतर हा फरक आपोआप मिटला.

तिसऱ्या ग्राहकाच्या बाबतीत उलटे होते: अ‍ॅपमध्ये 23,900 रुपये कमी होते. 31 मार्चला त्याने भिजलेली खोकी परत केली, गोदामाने अ‍ॅपमध्ये क्रेडिट नोट केली, पण ती टॅलीत पोहोचली नाही. सिंकच्या नोंदवहीत पाहिल्यावर कळले की विक्री परतीच्या ज्या लेजरचे नाव प्रोग्रामला दिले होते, ते टॅलीत आठवडाभरापूर्वी कोणीतरी बदलले होते. नाव पूर्ववत करून ती एकच क्रेडिट नोट पुन्हा पाठवली.

आता बेरीज पाहा. अ‍ॅपच्या 48,97,750 मधून 41,300 आणि 18,000 वजा केले की 48,38,450 उरतात. टॅलीच्या 48,62,350 मधून क्रेडिट नोटचे 23,900 वजा केले की तेच 48,38,450. ही मार्चची खरी अखेरची बाकी. सुरुवातीचे दोन्ही आकडे चुकीचे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘टॅलीचा आकडा प्रमाण’ म्हणून अ‍ॅपमध्ये 35,400 रुपयांची एक समायोजन नोंद टाकली असती तर दोन्हीकडे एकच चुकीचा आकडा आला असता आणि एप्रिलभर तीन ग्राहकांशी वाद झाला असता.

एकूण रक्कम जुळल्यावरही ग्राहकनिहाय आणि त्याखाली बिलनिहाय यादी एकदा लावावी. एकाच ग्राहकाच्या दोन बिलांची अदलाबदल झालेली असेल तर बाकी जुळते, पण थकबाकी किती दिवसांची आहे हे चुकते. पैशांचे फरकही दिसतील. अ‍ॅप बिल पूर्ण रुपयात करते आणि टॅलीत पूर्णांकाची वेगळी नोंद जात नसेल, तर प्रत्येक बिलामागे काही पैसे साचतात. ते एकत्र करून एका नोंदीत मिटवायला हरकत नाही, मात्र फरक खरोखर पैशांचाच आहे याची खात्री झाल्यावर.

कुलूप आधी, एप्रिलची रांग नंतर

आकडा जुळल्यावर लगेच रांग मोकळी करू नये. आधी 31 मार्चपर्यंतचा कालावधी दोन्हीकडे बंद करावा. टॅलीत वापरकर्त्याच्या भूमिकेनुसार मागील तारखेच्या व्हाउचरवर मर्यादा घालता येते, पण प्रशासकाच्या अधिकाराने काम करणाऱ्याला ती अडवत नाही, आणि सिंक प्रोग्राम बऱ्याच ठिकाणी याच अधिकाराने चालतो. म्हणून प्रोग्रामच्या आतही अट घालावी: 31 मार्च किंवा त्याआधीच्या तारखेची कोणतीही नोंद आता आपोआप जाणार नाही, ती वेगळ्या यादीत थांबेल आणि माणसाने मान्य केल्यावरच पुढे जाईल.

कुलूप लावल्याच्या क्षणी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात. पहिली, मार्चपर्यंतच्या व्हाउचरची संख्या आणि येणे बाकी. दुसरी, टॅलीतील सर्वात मोठा `ALTERID`. टॅलीत व्हाउचर नवे झाले किंवा बदलले की त्याला आधीपेक्षा मोठा `ALTERID` मिळतो. त्यामुळे नंतर कधीही, लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा मोठा `ALTERID` असलेले पण 31 मार्चपर्यंतच्या तारखेचे व्हाउचर मागवले, की कुलपानंतर मागील वर्षात कोणी काय घातले वा बदलले याची नेमकी यादी मिळते. या पद्धतीला एक मर्यादा आहे. व्हाउचर पुसूनच टाकले असेल तर ते या यादीत येत नाही. ते पकडण्यासाठी पहिली गोष्ट, म्हणजे संख्या आणि बाकी, कामाला येते.

यानंतर एप्रिलची रांग मोकळी करावी आणि 15 मिनिटांची नेहमीची फेरी पुन्हा चालू करावी. रांग रिकामी झाल्यावर 31 मार्चची बाकी पुन्हा एकदा काढावी. ती 48,38,450 च राहिली पाहिजे. एका रुपयाने जरी हलली तरी एप्रिलचे एखादे बिल मार्चच्या व्हाउचरवर चढले आहे असे समजून किल्लीकडे परत जावे.

सुरुवातीची बाकी पाठवायची की नाही

टॅलीत एकच कंपनी पुढे चालू असेल तर 1 एप्रिलची सुरुवातीची बाकी ही 31 मार्चच्या अखेरच्या बाकीवरूनच निघते. ती कोणी लिहीत नाही. विक्री, खर्च अशी नफा-तोट्याची खाती शून्यापासून सुरू होतात आणि ग्राहक, बँक, साठा यांच्या बाक्या पुढे येतात. बिलिंग अ‍ॅपही असेच सलग चालत असेल तर दोहोंमध्ये सुरुवातीची बाकी पाठवण्याचे कारणच नाही. सलग चालणाऱ्या दोन प्रणालींमध्ये कोणी ‘ओपनिंग बॅलन्स सिंक’ लावला असेल तर तो बंद करावा, कारण तो प्रत्येक बाकी दोनदा मोजण्याची वाट मोकळी करतो.

येथे टॅलीची एक खुबी माहीत असावी. लेजरच्या मास्टरमध्ये लिहिलेली सुरुवातीची बाकी ही कंपनीची पुस्तके ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेची असते. 2019 पासून एकच कंपनी चालू असेल तर तेथे दिसणारी रक्कम 2019 ची आहे. ती वाचून बिलिंग अ‍ॅपमध्ये 1 एप्रिल 2026 ची बाकी म्हणून भरली, तर आकडा पूर्णपणे निराळा येतो. टॅलीकडून बाकी मागताना कालावधीच्या दोन्ही तारखा स्पष्ट द्याव्यात:

```xml
<STATICVARIABLES>
  <SVFROMDATE TYPE="Date">20250401</SVFROMDATE>
  <SVTODATE TYPE="Date">20260331</SVTODATE>
</STATICVARIABLES>
```

काही बिलिंग अ‍ॅप मात्र वर्ष बदलताना नवे खाते उघडतात आणि सुरुवातीची बाकी भरून मागतात. अशा वेळी प्रत्येक ग्राहकाची एकच एकत्रित रक्कम पाठवू नये. प्रत्येक थकीत बिल त्याच्या मूळ क्रमांकासह, मूळ तारखेसह आणि उरलेल्या रकमेसह पाठवावे. आगाऊ आलेले पैसे वेगळ्या ओळीत, उलट्या चिन्हाने. एकत्रित रक्कम भरल्यास एप्रिलमध्ये ग्राहक जुन्या बिलाचे पैसे देतो तेव्हा ती पावती लावायला बिलच सापडत नाही आणि मार्चमध्ये जुळलेली बाकी महिनाभरात पुन्हा विस्कटते.

मार्चच्या उशिरा येणाऱ्या नोंदी

कुलूप लागले तरी मागील वर्षाच्या नोंदी संपत नाहीत. मार्चचा जीएसटीआर-1 मासिक भरणाऱ्यांना 11 एप्रिलपर्यंत भरायचा असतो, आणि तो तयार करताना एखादे राहिलेले बिल किंवा चुकीचा जीएसटी क्रमांक सापडतो. पुढे लेखापरीक्षणात घसारा, तरतुदी, साठ्याचे मूल्य अशा अनेक नोंदी 31 मार्चच्या तारखेने होतात. यातील बहुतेक नोंदी ग्राहकांच्या खात्यांना स्पर्शही करत नाहीत आणि बिलिंग अ‍ॅपला त्यांची गरज नसते. त्या अ‍ॅपमध्ये पाठवू नयेत.

पाठवाव्या लागतात त्या दोन प्रकारच्या. एक, ग्राहकाची बुडीत ठरवलेली रक्कम. लेखापरीक्षकाने ती 31 मार्चला खर्ची टाकली तर अ‍ॅपमध्येही त्या बिलाची बाकी त्याच तारखेने कमी झाली पाहिजे, नाहीतर वसुलीचा माणूस त्याच बिलासाठी पुन्हा ग्राहकाच्या दारात जातो. दुसरी, एका ग्राहकाच्या नावावर चुकून पडलेली पावती योग्य ग्राहकाकडे वळवण्याची नोंद. मार्चच्या मालाची परत एप्रिलमध्ये आली तर त्याची क्रेडिट नोट एप्रिलच्या तारखेनेच होते. ती या वाटेत येत नाही आणि मार्चच्या बाकीला हात लावत नाही.

या उशिरा आलेल्या नोंदी रोजच्या सिंकमधून न पाठवता आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी, यादी पाहून पाठवाव्यात. प्रत्येक वेळी यादीतील ग्राहकांच्या खात्यांवरचा एकूण परिणाम आणि 31 मार्चच्या बाकीतील बदल समान असला पाहिजे. समजा जुलैमध्ये 12,400 रुपये बुडीत ठरवले, तर दोन्हीकडे मार्चची बाकी 48,26,050 निघाली पाहिजे आणि तीच 1 एप्रिलची सुरुवात असली पाहिजे. सलग चालणाऱ्या प्रणालीत ती आपोआप बदलते. ज्या अ‍ॅपमध्ये सुरुवातीची बाकी भरून दिली आहे, तेथे मात्र त्या एका बिलाची सुरुवातीची ओळ दुरुस्त करावी लागते. सगळी सुरुवातीची बाकी पुसून नव्याने भरू नये, कारण एप्रिल ते जुलैमध्ये त्या बिलांना लावलेल्या पावत्या तेव्हा सुटून जातात.